कमी पगाराची ऑफर नाकारताना: कारण एकच, आणि आकडा रेंजमध्ये

ऑफर अपेक्षेपेक्षा कमी आली की बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर धाडतात. एक, "सॉरी, एवढ्यात नाही जमणार." दुसरं, "थोडं वाढवता आलं तर बघा ना." पहिल्या उत्तराने विषय संपतो आणि यादीतल्या पुढच्या उमेदवाराला फोन जातो. दुसऱ्यात आकडाच नसतो, त्यामुळे ६० हजारांचे ६१ होऊन येतात आणि "वाढवलं की तुमच्यासाठी" असं ऐकून घ्यावं लागतं. तिथून पुन्हा मागणं फार अवघड जातं.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तुमच्याशी बोलणारी एचआरमधली व्यक्ती सहसा स्वतः पगार वाढवू शकत नाही. तिला विभागप्रमुखाकडे किंवा फायनान्सकडे जाऊन मंजुरी आणावी लागते, आणि तिथे तुम्ही नसता. तुमचा मेल असतो. म्हणून मेलमध्ये असं काहीतरी हवं जे ती जशाच्या तसं पुढे पाठवू शकेल: एक पटणारं कारण आणि मंजूर करता येईल असा आकडा.

आधी कारण. लोक चार-पाच कारणं देतात. घराचा हप्ता, महागाई, लांबचा प्रवास, अनुभव, मित्राला मिळणारा पगार. वाटतं की जितकी कारणं जास्त तितकी बाजू भक्कम. होतं उलटं. समोरचा त्यातलं सगळ्यात लंगडं कारण उचलतो ("प्रवासाचं म्हणताय, तर दोन दिवस घरून काम करा की") आणि बाकीची चार तिथेच विरून जातात. शिवाय हप्ता आणि महागाई ही तुमची गरज झाली. ती कितीही खरी असली तरी मंजुरीच्या टिपणात लिहिता येत नाही. कारण कामाशी जोडलेलं हवं: जबाबदारी किती आहे, कोणतं कौशल्य दुर्मिळ आहे, किंवा इथे येण्यासाठी नेमकं काय सोडावं लागतंय. यातलं सगळ्यात मजबूत असेल ते एकच घ्या आणि बाकीची मनात ठेवा.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. अकाउंट्समधली जागा आहे, मुलाखतीत एका विभागाचे हिशेब सांगितले होते. ऑफर लेटरमध्ये दोन विभाग निघाले, वर दोन ज्युनिअरवर देखरेख. ऑफर महिना ६० हजार फिक्स्ड. सध्याचा पगार ५८ हजार. वरवर पाहता २ हजारांची वाढ दिसते. पण सध्याच्या नोकरीत वर्षाला ६० हजार बोनस दर वर्षी नक्की मिळतो, म्हणजे महिन्याला ५ हजार, आणि नव्या ठिकाणी तो नाही. प्रवासाचा खर्च महिना २ हजारांनी वाढणार. म्हणजे जागच्या जागी राहायलाच ६५ हजार लागतात. ६० ची ऑफर ही प्रत्यक्षात ५ हजारांची कपात आहे. हे गणित आधी कागदावर मांडा, कारण बऱ्याचदा माणूस फक्त फिक्स्ड आकडे शेजारी ठेवून खूश होतो.

यातून तुमचा तळ ठरतो. धरा ६६. याच्या खाली गेलं तर नोकरी बदलण्यात अर्थ नाही. हा आकडा कुणालाही सांगायचा नाही, विचारलं तरी नाही.

आता रेंज. इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक तळापासून रेंज सुरू करतात: "६६ ते ८०." ऐकणाऱ्याला फक्त ६६ ऐकू येतं, आणि तो तिथूनही घासाघीस करतो. शिवाय इतकी रुंद रेंज म्हणजे या माणसाला स्वतःलाच आकडा माहीत नाही, असा अर्थ निघतो. रेंजचं खालचं टोक म्हणजे ज्यावर तुम्ही कुरकुर न करता सही कराल तो आकडा. या उदाहरणात ७०. वरचं टोक त्याच्या ८-१० टक्के वर, म्हणजे ७६. डॅनियल एम्स आणि मालिया मेसन यांनी २०१५ मध्ये छापलेल्या संशोधनातही, हव्या असलेल्या आकड्यापासून वर जाणारी माफक रेंज नुसत्या एका आकड्यापेक्षा बऱ्याचदा चांगली ठरली होती. रेंज दिली की माणूस चर्चेला तयार वाटतो, आणि तिच्या फार खाली बोली लावणं समोरच्याला उद्धट वाटतं.

आता मेल:

"ऑफरबद्दल आभार. या कामात मला मनापासून रस आहे. मात्र ६० हजार या पगारावर मी सध्या होकार देऊ शकत नाही. ऑफर लेटरमध्ये दोन विभागांचे हिशेब आणि दोन जणांची देखरेख आहे, तर मुलाखतीत एका विभागाबद्दल बोलणं झालं होतं. या जबाबदारीसाठी ७० ते ७६ हजार फिक्स्ड मला योग्य वाटतं. या रेंजमध्ये काही शक्य आहे का, हे कळवाल का? गुरुवारी किंवा शुक्रवारी फोनवर बोलायला मी मोकळा आहे."

"या पगारावर" आणि "सध्या" हे दोन शब्दप्रयोग काढू नका. नकार आकड्याला आहे, कामाला नाही, हे त्यांच्यातूनच कळतं. आणि शेवटी प्रश्न ठेवा. त्यामागे कायद्याचंही कारण आहे. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या इंग्लिश खटल्यात १००० पौंडांच्या शेताला ९५० ची उलट बोली लावणाऱ्याला नंतर १००० ला होकार देता आला नाही, कारण उलट बोलीने मूळ प्रस्तावच संपला होता. १८८० च्या स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन खटल्यात मात्र अटींबद्दल नुसती विचारणा केली म्हणून प्रस्ताव जिवंत राहिला. वरच्या मेलमध्ये ६० ला स्पष्ट नकार आहे, त्यामुळे ती ऑफर गेली असं धरूनच तो पाठवा. ६० वरही शेवटी जावंच लागणार असेल, तर नकाराचं वाक्य गाळा आणि फक्त विचारणा करा. हा फरक फार कमी लोक पाळतात.

मेल शक्यतो २४ ते ४८ तासांत पाठवा, ऑफरची मुदत संपायच्या दिवशी नको. मंजुरीला वेळ लागतो. हातात नसलेली दुसरी ऑफर आहे असं कधीच लिहू नका. लेटर दाखवा म्हटलं की सगळंच कोसळतं.

"६३ पर्यंत जमेल" असं उत्तर आलं तर लगेच रेंज खाली आणू नका. कारण तेच पुन्हा सांगा आणि विचारा की कामाचा आवाका एका विभागापुरता ठेवता येईल का. बऱ्याचदा आकडा तिथेच हलतो. "आमच्या बँडची कमाल मर्यादा ६७ आहे" असं आलं, तर ६७ तळाच्या वर आहे. मग फिक्स्डवर ओढाताण थांबवा आणि जॉइनिंग बोनस किंवा सहा महिन्यांनी पगाराचा आढावा मागा, तारखेसकट लेटरमध्ये लिहून. तोंडी आश्वासन धरू नका, कारण सहा महिन्यांत मॅनेजरच बदललेला असतो. आणि ६६ च्या खालीच "फायनल" म्हणाले, तर आभार मानून दोन ओळींत थांबा.

रेंजमधला आकडा मिळाला की आणखी ताणू नका. त्याच दिवशी होकार कळवा, सुधारित लेटर मागवा, फिक्स्डचा आकडा आणि आढाव्याची तारीख त्यात वाचून घ्या, आणि मगच सध्याच्या ठिकाणी राजीनामा द्या.