हप्ता चुकला तर दंड नाही? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

«1 एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेने कर्जावरचा दंड बंद केला आहे. हप्ता उशिरा भरला तरी बँक एक रुपयाही जास्त घेऊ शकत नाही. घेतला तर पुढचा हप्ता थांबवा. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या सर्व ग्रुपवर पाठवा.»

शेवटचा सल्ला सर्वांत घातक, आणि आमच्या धरणगावच्या मामांनी तोच खरा धरला, म्हणून लिहितो. हप्ता थांबवला की थकीत दिवस सिबिलच्या नोंदीत चढायला लागतात, आणि 90 दिवसांच्या वर गेलं की खातं एनपीए. दंड चुकीचा लागला असेल तर हप्ता भरून लेखी तक्रार करा.

अर्धं खरं आहे, ते मान्य. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद झालं, पण दंड बंद झालेला नाही. म्हणजे उशीर झाला म्हणून व्याजदरच वाढवायचा, हे आता चालत नाही. दंड घ्यायचा तर तो वेगळं शुल्क म्हणून, फक्त थकलेल्या रकमेवर, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज नाही. दर किती असावा याला मर्यादा घातलेली नाही. तो वाजवी हवा आणि करारात लिहिलेला हवा, एवढंच.

ट्रॅक्टरचा 10,000 चा हप्ता 5 तारखेचा, भरला 25 ला. करारात व्याज 12 टक्के, दंडशुल्क वर्षाला 24 टक्के, असं धरा. 20 दिवसांचं शुल्क होतं सुमारे 132 रुपये. शिवाय थकलेल्या रकमेवर नेहमीचं 12 टक्के व्याज चालूच राहतं, ते सुमारे 66. ते दंड नाही, पैसे वापरल्याचं व्याज आहे. ते कुणीही माफ केलेलं नाही. पूर्वी दंडाचे 132 मुद्दलात मिसळायचे आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्यावरही व्याज चढायचं. ते बंद झालं.

गडबड होते ती इथे. 25 ला तुम्ही फक्त 10,000 भरता, बँक त्यातून आधी 132 शुल्क वळतं करते, आणि हप्ता तेवढाच कमी पडतो. मग त्या तुटीवर पुन्हा व्याज आणि पुन्हा शुल्क. म्हणून भरण्याआधी शाखेत विचारा, «आजच्या तारखेला शुल्क-व्याजासकट एकूण किती?», आणि तेवढेच भरा. नंतर खातेउतारा काढा: शुल्काची ओळ वेगळी हवी, व्याजदर 12 च हवा. दंडशुल्कावर जीएसटी लावला असेल तर तो परत मागा. चेक किंवा ईसीएस परत गेल्याचं शुल्क मात्र वेगळं असतं.

गावच्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तिला हे परिपत्रक दाखवून उपयोग नाही. क्रेडिट कार्डालाही ते लागू नाही.