पॉइंट सत्तावन्न गोणी

सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात रिक्षा शिरली तर उलटीच बाहेर येते. त्यामुळे मागच्या अंगणातल्या अडगळीच्या खोलीवर स्लॅब टाकायचं ठरलं तेव्हा रेडीमिक्सच्या गाडीचा प्रश्नच नव्हता. सगळा माल गोण्यांतून, डोक्यावरून. मिस्त्री म्हणाले, "साहेब, बारा सिमेंट सांगून ठेवतो." चौतीस वर्षं बँकेत टॅली केलेला माणूस असं तोंडी कसं मानेल? म्हटलं, "थांबा, मी हिशोब करून सांगतो."

आतून टेप लावली. साडेदहा फूट बाय साडेआठ, जाडी पाच इंच. गुणाकार केला, 446 घनफूट. मी पाच इंचांचे पाच फूट केले होते. तेवढं काँक्रीट आणलं असतं तर खोली माझ्या गळ्यापर्यंत बुजली असती. पाचाला बाराने भागल्यावर आकडा 37 वर आला. तेवढ्यात चहा ठेवता ठेवता ही म्हणाली, "अहो, स्लॅब भिंतींवर टेकणार ना? की हवेत राहणार?" समोरासमोरच्या नऊ-नऊ इंचांच्या दोन भिंती, म्हणजे लांबीत आणि रुंदीत दीड-दीड फूट वाढलं. बारा बाय दहा. बरोब्बर 50 घनफूट.

मग प्रमाण. एम-20 या प्रतीच्या काँक्रीटसाठी एकास दीड, तीन: एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. बेरीज साडेपाच. पन्नासला साडेपाचने भागलं, सिमेंट आलं नऊ घनफूट. पन्नास किलोची एक गोणी म्हणजे सव्वा घनफुटाला जरा कमी, 1.225. उत्तर साडेसात गोण्या. धरा आठ. आणि मिस्त्री मागतोय बारा! चार गोण्यांची अफरातफर मी चहाच्या कपाआधी पकडली होती.

मिस्त्री रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "साहेब, तुम्ही ओला स्लॅब मोजला. माल सुका येतो. कालवला की बसतो."

मला हे पटेना. शेवटी हिने फराळाचा डबा पुढे ओढला. डबाभर लाडू, वाटीभर शेव, वाटीभर पिठीसाखर. शेव लाडवांच्या फटींत गेली, साखर शेवेच्या फटींत, आणि डब्याचं झाकण लागलं. खडीच्या फटींत वाळू जाते, वाळूच्या फटींत सिमेंट. वेगवेगळं मोजलेलं एकत्र केलं की कमी भरतं. म्हणून तयार काँक्रीटच्या साधारण 1.54 पट सुका माल धरतात. माझे 50 घनफूट झाले 77. आता साडेपाचने भाग: सिमेंट 14, वाळू 21, खडी 42. चौदाला 1.225 ने भागलं, 11.43. मिस्त्रींचे बारा.

डबा तेवढ्यासाठी उघडला म्हणून मी दोन लाडू खाल्ले.

वाळू-खडी एरवी ब्रासवर मिळते, शंभर घनफुटांचा एक ब्रास. आमच्या बोळात ब्रास कसला येतोय! मी फोनवर सांगून टाकलं: सिमेंट साडेअकरा गोण्या तर वाळू दीडपट, सतरा, खडी चौतीस. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आली. मिस्त्रींनी एक गोणी 35 लिटरच्या मापाच्या पेटीत रिकामी केली. ही पेटी म्हणजे सिमेंटच्या एका गोणीएवढं माप. पेटी दोन-तृतीयांशही भरली नाही. डोक्यावरून वाहायची गोणी कुणी काठोकाठ भरत नाही. भरली असती तर हमालाने आधी मलाच डोक्यावर घेतलं असतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, गोणी म्हणजे गोणी." गोणीत जेमतेम 0.8 घनफूट वाळू. एकवीस भागिले 0.8, सव्वीस गोण्या. खडीच्या त्रेपन्न.

"आणि वाळू ओली आहे," मिस्त्री म्हणाले. "ओली वाळू फुगते. पेटी भरलेली दिसते, आत वाळू कमीच. चार गोण्या जास्त सांगा." स्लॅबच्या दिवशी माल संपला आणि काम अर्ध्यावर थांबलं, तर आधीचं काँक्रीट घट्ट होतं, नवं त्याला नीट चिकटत नाही आणि पावसाळ्यात पाणी नेमकं त्या सांध्यातून येतं. मी मुकाट्याने तीस सांगितल्या.

स्लॅब दुपारी तीनला संपला. प्रत्येक घाण्याला एक सिमेंट, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. मी पेटीशी उभा राहून पाटावर रेघा ओढत होतो. शेवटी बाराव्या गोणीत निम्म्याहून थोडं जास्त सिमेंट उरलं. बारातून 11.43 वजा: पॉइंट सत्तावन्न. टॅली झालं! मी ती गोणी कुणाला हलवू दिली नाही, पत्र्याखाली कोपऱ्यात ठेवली.

पहिल्या पावसात तिचा दगड झाला. सतरंज्या धुवायला बरा पडतो, असं ही म्हणते.