बर्फाच्या पाण्यातून कोमट पाण्यात: एका फिरत्या ‘सोप्या पद्धती’ला उत्तर

“टेम्परेचर प्रोबचा टाइम कॉन्स्टंट काढायची सगळ्यात सोपी पद्धत! १) बर्फाच्या पाण्यातला प्रोब गरम पाण्यात टाका. आकडा हलायचा थांबेपर्यंत जो वेळ लागतो तोच टाइम कॉन्स्टंट. २) पाणी जितकं गरम, टाइम कॉन्स्टंट तितका जास्त. ३) ढवळू नका, रीडिंग बिघडतं. ४) घाई असेल तर शेवटच्या तापमानाच्या ६३ टक्क्यांना घड्याळ थांबवा. ५) आलेला आकडा प्रोबचा कायमचा गुणधर्म. हवेत, पाण्यात, कुठेही तोच वापरा.”

हा मजकूर दोन-तीनदा माझ्याकडे आला आणि मी सोडून दिला. गेल्या आठवड्यात मात्र भाचीचा फोन आला, “मामा, खोक्यातला हीटर गेलाय.” तिनं गरम हवेचा एक बंद खोका केलाय, थर्मोस्टॅट ६० अंशांवर. वरच्या भोकातून प्रोब आत सोडला, दीड मिनिट थांबली, आकडा ३३. दीड मिनिटच का? तर वरच्या पद्धतीनं तिच्या प्रोबचा ‘टाइम कॉन्स्टंट’ ८० सेकंद आला होता, म्हणून. हीटर ठणठणीत होता. अर्ध्या तासानं त्याच प्रोबनं ६० दाखवले. थर्मोस्टॅट वाढवायच्या आधी तिनं फोन केला हे नशीब.

म्हणून सुरुवात पाचव्या मुद्द्यापासून. टाइम कॉन्स्टंट म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या तापमानातलं ६३.२ टक्के अंतर कापायला लागणारा वेळ, आणि तो एकट्या प्रोबचा नसतोच. प्रोबला तापायला किती उष्णता लागते आणि आजूबाजूचं माध्यम ती किती झपाट्यानं पोचवतं, या दोन गोष्टींचा तो हिशोब आहे. पहिली गोष्ट प्रोबची, दुसरी बाहेरची. ढवळलेलं पाणी जितकी उष्णता सेकंदात देतं, तितकी द्यायला संथ हवेला मिनिट लागू शकतं. स्टीलच्या ६ मिलिमीटर जाडीच्या नळीतला हा प्रोब ढवळलेल्या पाण्यात सात-आठ सेकंदांचा, आणि तोच खोक्यातल्या हवेत सहा मिनिटांचा निघाला. आता दीड मिनिटाचं गणित करा. दीड भागिले सहा म्हणजे पाव टाइम कॉन्स्टंट. तेवढ्यात वाटचाल होते साधारण २२ टक्के. खोली २५ अंशांवर, खोका ६० वर, मधलं अंतर ३५. त्याचे २२ टक्के पावणेआठ, म्हणजे आकडा ३३च्या जवळपास. हीटर गेलेला नव्हता, अक्कल उधार आणली होती.

हवेतला आकडा काढायला बर्फाच्या पाण्यातून थेट हवेत जाऊ नका, हे जाता जाता. ओल्या प्रोबवरचं पाणी उडत राहतं, ते त्याला गार ठेवतं आणि आकडा भलताच लांबतो. आम्ही कोरडा प्रोब खोलीच्या तापमानावरून आत सोडला आणि त्या ३५ अंशांचे ६३.२ टक्के चढून ४७.१ अंश कधी येतात ते पाहिलं.

हे माझं खासगी मत नाही. प्लॅटिनम रेझिस्टन्स थर्मामीटरचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०७५१ प्रतिसादाच्या चाचणीसाठी माध्यमाचा वेगही ठरवून देतं: पाणी सेकंदाला ०.२ मीटरहून जास्त, हवा सेकंदाला ३ मीटरच्या आसपास. आकडा कुठेही तोच असता तर पाणी वेगळं, हवा वेगळी आणि वर वेग सांगायचं कारणच काय? तिसरा मुद्दाही इथेच निकालात निघतो. न ढवळलेल्या पाण्यात प्रोबभोवती गार पाण्याचं कवच बसतं, आणि मग तुम्ही त्या कवचाचा वेळ मोजत बसता. त्याच भांड्यात न ढवळता आमचा आकडा १२ सेकंदांच्या आसपास गेला.

आता पहिला मुद्दा, कारण दुसऱ्याचा जन्म त्यातूनच झालाय. आमची चाचणी अशी: बर्फाचं पाणी ०.४ अंश, मोठ्या पातेल्यातलं ढवळतं पाणी ४४.९. मधलं अंतर, म्हणजे पायरी, ४४.५ अंशांची. तिचे ६३.२ टक्के म्हणजे २८.१, त्यात सुरुवातीचे ०.४ मिळवले की २८.५. प्रोब पाण्यात शिरल्यापासून तिथे पोचायला ८ सेकंद लागले. आकडा हलायचा थांबला ४९व्या सेकंदाला. पण तो कुठल्या डिस्प्लेवर थांबला? एक दशांश दाखवणाऱ्या. त्याच नोंदी पूर्ण अंशांत वाचल्या तर ३४व्या सेकंदालाच ४५ दिसतात आणि पुढे काही हलत नाही. प्रोब तोच, पाणी तेच, आणि डिस्प्लेवरचा एक आकडा कमी केला की ‘टाइम कॉन्स्टंट’ १५ सेकंदांनी घसरतो! प्रोब शेवटच्या तापमानाला खरं तर कधीच पोचत नाही. उरलेलं अंतर डिस्प्लेला दिसेनासं होतं, एवढंच.

दुसरा मुद्दा याच गोंधळाचं पिल्लू आहे. पाणी २० अंशांचंच घेतलं तर मुळात अंतर कमी, म्हणून ते दिसेनासं व्हायला ४३ सेकंद पुरतात. यावरून कुणीतरी नियमच करून टाकला. पायरीच्या ६३.२ टक्क्यांपर्यंतचा वेळ मात्र दोन्हीकडे आठ सेकंदांच्या आसपासच राहतो.

या आठ सेकंदांतही एक गोम आहे. नळीच्या आत सेन्सर, मध्ये भराव, त्यामुळे पहिला सेकंदभर आकडा जवळजवळ हलतच नाही. आठव्या सेकंदाला शेवटच्या तापमानापासूनचं अंतर १६.४ होतं, पंधराव्याला ६.०. या दोन अंतरांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिदम जवळजवळ १ येतो, म्हणजे मधले ७ सेकंद हाच खरा टाइम कॉन्स्टंट आणि वरचा एक सेकंद नुसता उशीर. पडताळा सोपा आहे. उशीर नसता तर ९० टक्क्यांपर्यंतचा वेळ ६३ टक्क्यांच्या वेळेच्या २.३ पट आला असता. आमच्याकडे १७ सेकंद आले, म्हणजे जेमतेम २.१ पट. वहीत टाइम कॉन्स्टंट आणि उशीर, दोन्ही आकडे लिहा.

राहिला चौथा. नाइलाजानं कबूल करतो, यात अर्धं सत्य आहे. सुरुवात नेमकी शून्यावर असेल तर शेवटच्या तापमानाचे ६३ टक्के आणि पायरीचे ६३ टक्के एकच. पण बर्फ वर तरंगतो आणि पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. न ढवळलेल्या ग्लासच्या तळाशी म्हणूनच दोन-तीन अंश सहज सापडतात. तेवढ्यानं चूक अर्ध्या सेकंदाचीही होणार नाही, तीही सोडून देऊ. भाचीला मी फक्त एवढंच सांगितलं की आता तीच चाचणी उलटी कर, गरम पाण्यातून बर्फाच्या पाण्यात. शेवटचं तापमान शून्य. त्याचे ६३ टक्के किती आले, ते मजकूर पाठवणाऱ्याला विचार.