अखंड फॉइल म्हणजे अस्सल ऑइल नव्हे

"झाकणाखालची फॉइल अखंड, रिंग न तुटलेली, लेबल ठळक आणि बॅच नंबर छापलेला असेल, तर इंजिन ऑइलचा डबा शंभर टक्के ओरिजिनल. नुसता फोटो पाठवा, दोन मिनिटांत सांगतो."

धुळ्यात सुट्या भागांचे दुकान चालवताना हा संदेश मला वर्षभरात अनेक गिऱ्हाइकांनी दाखवला आहे. या दाव्यात डबा आणि आतले ऑइल या दोन गोष्टी एकच मानल्या आहेत. भेसळ करणारा बहुतेक वेळा डबा बनवत नाही. तो गॅरेजमधून किंवा भंगारातून अस्सल कंपनीचा रिकामा डबा घेतो आणि त्यात गाळलेले जुने किंवा हलके ऑइल भरतो. साहजिकच अशा डब्याचे लेबल ठळकच असणार, कारण ते कंपनीनेच छापलेले असते.

फॉइलचे म्हणाल, तर तिच्या खालचा प्लास्टिकचा थर उष्णतेने डब्याच्या तोंडाला चिकटतो, आणि हे काम करणारे हाती धरायचे इंडक्शन यंत्र बाजारात सहज मिळते. काही जण साध्या इस्त्रीवरही भागवतात. म्हणून वरून काढलेला चकचकीत फॉइलचा फोटो जवळजवळ निरुपयोगी आहे. फॉइल सोलल्यावर तिची खालची बाजू आणि डब्याच्या तोंडाची कड यांचा फोटो हवा. कारखान्यातल्या सीलचा ठसा बहुधा सगळीकडे सारख्या रुंदीचा असतो. इस्त्रीने लावलेल्या सीलमध्ये कड एका बाजूला चपटी होते आणि कधी कधी जुन्या सीलचा राहिलेला पापुद्रा नव्या ठशाखाली डोकावतो. मात्र फॉइल थोडी सुरकुतलेली दिसली म्हणून डबा नकली ठरवू नये, आणि काही अस्सल पॅकिंगमध्ये फॉइल नसतेच. सोललेला डबा दुकानदार परत घेत नाही, म्हणून तो त्याच्यासमोरच उघडावा हे बरे.

रिंगबद्दल थोडक्यात सांगतो. झाकण आणि रिंग यांना जोडणारे बारीक दुवे गळ्याभोवती चारही बाजूंना असतात, त्यामुळे एका फोटोत फार तर निम्मे दिसतात. झाकण गरम पाण्यात मऊ करून रिंगसकट वर ओढले, तर दुवे शाबूत राहतात. अशा रिंगवर ताणाचे पांढुरके चट्टे पडतात किंवा ती गळ्यावर सैल फिरते. चट्टे फोटोत दिसू शकतात, सैलपणा मात्र दिसत नाही.

बॅच नंबर छापलेला असणे हा पुरावाच नव्हे, कारण एकच नंबर शंभर डब्यांवर मारता येतो. खरी उपयोगी गोष्ट डब्याच्या बुडाशी असते आणि तिचा फोटो सहसा कोणी पाठवत नाही. बहुतेक डब्यांच्या बुडाला साच्यातूनच उमटलेले एक लहान वर्तुळ असते; त्यात १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याकडे रोखलेला बाण असतो. हा डबा घडवल्याचा काळ असतो, ऑइल भरल्याचा नव्हे.

रावेरच्या एका केळीउत्पादकाने ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या ५ लिटरच्या डब्याचे फोटो मला पाठवले होते. फॉइल, रिंग, लेबल सगळे ठीक होते आणि पॅकिंगची तारीख नोव्हेंबर २०२४ होती. मी बुडाचा फोटो तिरप्या उजेडात मागवला, तेव्हा बाण ५ वर आणि वर्ष २१ निघाले. कारखान्यात कधी कधी साच्यातले वर्ष बदलायचे राहून जाते, त्यामुळे काही महिन्यांच्या फरकावर मी बोट ठेवत नाही. पण रिकामा डबा साडेतीन वर्षे भरण्याची वाट पाहत पडून राहणे पटण्यासारखे नव्हते. मग नंबराच्या जागेचा जवळून फोटो घेतला. तिथले प्लास्टिक आजूबाजूपेक्षा निस्तेज होते आणि नव्या ठिपक्यांखाली पुसलेल्या आकड्यांची फिकट सावली होती. या दोन खुणा एकत्र आल्यावरच मी डबा संशयास्पद ठरवला. दोन्ही खुणा नसत्या, तर मी "अस्सल" म्हटले नसते. "फोटोत दोष दिसत नाही" एवढेच म्हणालो असतो.

छपाईवरून निकाल देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जातो, बारीक अक्षरांच्या कडा फुटतात आणि अस्सल लेबलही पुसट दिसते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ तपशील टिकतो. त्याच कारखान्याच्या, त्याच काळातल्या दुसऱ्या डब्याचा फोटो शेजारी नसेल, तर अक्षरांच्या वळणावरून काहीही ठरवता येत नाही.

रावेरच्या गृहस्थांना मी डबा न वापरता बाजूला ठेवायला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला नंबर कळवायला सांगितले, तोही लेबलवरचा फोन न लावता कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून. त्यांनी विचारले, तक्रारीसोबत काय जोडू? मी म्हटले, बुडाचा फोटो आणि पक्के बिल. बिल त्यांनी घेतलेच नव्हते.