टीएसएच नॉर्मल, तरीही थायरॉइड कमी

"टीएसएच नॉर्मल आला की थायरॉइडची शंका सोडून द्यावी."

टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला ओरडून दिलेला हुकूम; ती पिट्युटरी धडधाकट असेल तरच हे खरं. नेहमीच्या आजारात बिघाड गळ्यातल्या ग्रंथीत असतो. रक्तातलं टी४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी पडलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीवरचा लगाम सुटतो आणि टीएसएच चढतो. टी४ थोडं घसरलं तरी तो कितीतरी पट वाढतो, म्हणून आधी तोच तपासतात. पण ओरडणाराच मुका झाला असेल तर?

माझ्या ताईच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं. अंगावर दूध आलंच नाही, पाळीही परतली नाही. पुढे भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची. टीएसएच दोनदा काढला, २.४ आणि २.१, "अशक्तपणा आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी फ्री टी४ काढायला लावलं. ते आलं ०.५, लॅबची खालची मर्यादा ०.९. इतकं कमी टी४ असताना टीएसएच कितीतरी वर हवा होता. तो २ वर थांबला, ही बाळंतपणातल्या रक्तस्रावाने पिट्युटरीच निकामी झाल्याची खूण. थायरॉक्सिन, म्हणजे टी४ची गोळी, मात्र लगेच दिली नाही. आधी कॉर्टिसॉल, म्हणजे पिट्युटरीच्याच हुकमाने बनणारं दुसरं हार्मोन, तपासलं, तेही तळाला होतं, म्हणून आधी स्टेरॉइड सुरू केलं. उलट क्रम झाला तर जिवावर बेतू शकतं. आता तिचा डोस फ्री टी४ बघूनच ठरतो. तरी दर वेळी लॅबवाला विचारतोच, "फक्त टीएसएच करू ना?"