ऋण म्हणजे ॲनोड? तांबं आणि चांदी एकदा शेजारी ठेवून पाहा

“ज्याची किंमत ऋण तो ॲनोड, धन तो कॅथोड. दोन्हींचं चिन्ह एकच असेल तर मोठ्या आकड्याचा कॅथोड. मग ॲनोडचं चिन्ह उलटवा आणि कॅथोडमधून वजा करा. इलेक्ट्रॉन जुळवताना समीकरणाला गुणलंत तर व्होल्टलाही गुणा. उत्तर चुकणारच नाही.”

विद्युत-रासायनिक घटात ॲनोड-कॅथोड ओळखून व्होल्टेज काढण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या या चारही सूचना चुकीच्या आहेत. तरीही त्या टिकून आहेत, कारण कधीकधी त्यांनी उत्तर बरोबर येतं. विशेषतः पहिली सूचना जस्त-तांब्याच्या घटावर फिट बसते. प्रमाण क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या कलाचं माप, जस्ताचा −०.७६ व्होल्ट, तांब्याचा +०.३४. एक ऋण, एक धन, जस्त ॲनोड, काम झालं. पाठ्यपुस्तकातलं पहिलं उदाहरण बहुधा हेच असतं, त्यामुळे विद्यार्थी चिन्हालाच कारण समजतो.

ते चिन्ह येतं कुठून? एकट्या इलेक्ट्रोडचा विभव मोजताच येत नाही. व्होल्टमीटरला दोन टोकं लागतात आणि तो फक्त फरक दाखवतो. म्हणून सगळ्यांनी मिळून हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य मानलं आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत आकडे दिले. उद्या हायड्रोजनऐवजी जस्ताला शून्य मानलं, तर हायड्रोजन +०.७६ होईल, तांबं +१.१० आणि चांदी +१.५६. जस्ताचं ऋण चिन्ह गायब होईल, पण जस्त-तांब्याच्या घटात विरघळेल जस्तच आणि मीटर १.१० व्होल्टच दाखवेल. म्हणजे ऋण चिन्ह एवढंच सांगतं की तो इलेक्ट्रोड हायड्रोजनच्या खाली आहे. समोर दुसरा कोण आहे हे कळल्याशिवाय ॲनोड ठरत नाही.

आता तांबं आणि चांदी घ्या: +०.३४ आणि +०.८०. दोन्ही धन. पहिल्या सूचनेप्रमाणे इथे ॲनोडच नाही! प्रत्यक्षात सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात तांब्याची तार सोडली की थोड्याच वेळात तारेवर चांदीचे सुईसारखे स्फटिक धरू लागतात आणि द्रावण हळूहळू निळसर होतं. तो निळेपणा तांब्याच्या आयनांचा. तांब्याने इलेक्ट्रॉन दिले, चांदीच्या आयनांनी घेतले. ज्याचं ऑक्सिडीकरण होतं तो ॲनोड, म्हणून इथे ॲनोड तांबं. क्षपण विभव जास्त असलेला इलेक्ट्रॉन ओढतो, कमी असलेला देतो. हा एकच नियम पुरतो, चिन्हं काहीही असोत.

“मोठ्या आकड्याचा कॅथोड” ही सूचना तांबं-चांदीत योगायोगाने जमते. मात्र दोन्ही ऋण असले की ती सपशेल उलटते. जस्त −०.७६ आणि निकेल −०.२५ घ्या. आकडा जस्ताचा मोठा, म्हणून त्याला कॅथोड मानलं, तर −०.७६ − (−०.२५) = −०.५१ येतं. इथे खरं तर थांबायला हवं. आपोआप चालणाऱ्या घटाचा व्होल्टेज ऋण आला, याचा अर्थ ॲनोड-कॅथोडची अदलाबदल झाली आहे. पण बरेच जण उणे चिन्ह पुसून ०.५१ लिहितात. हा आकडा बरोबर असतो, गुणही मिळतात आणि जस्ताला कॅथोड म्हणणारा नियम पक्का होतो. मग पुढच्याच प्रश्नात “कोणत्या पट्टीचं वस्तुमान घटेल?” असं विचारलं की उत्तर निकेल येतं, आणि घटतं ते जस्ताचं. −०.२५ ही −०.७६ पेक्षा मोठी संख्या आहे. संख्यारेषेवर उजवीकडे असलेला कॅथोड, एवढं पाहिलं तरी पुरे.

चिन्ह उलटवून वजा करण्याबद्दल फार बोलायला नको. एक तर दोन्ही क्षपण विभव तक्त्यात आहेत तसे ठेवून कॅथोडमधून ॲनोड वजा करा: ०.८० − ०.३४ = ०.४६. नाही तर तांब्याचं चिन्ह उलटवून बेरीज करा: ०.८० + (−०.३४) = ०.४६. दोन्ही एकदम केलं तर १.१४ येतं. मी वजाबाकीच सुचवेन, कारण तिच्यात तक्त्यातल्या आकड्याला हातच लावावा लागत नाही.

सगळ्यात जास्त घात चौथी सूचना करते, कारण ती तर्काला धरून वाटते. तांबं दोन इलेक्ट्रॉन देतं, चांदीचा आयन एकच घेतो, म्हणून चांदीचं समीकरण दोनने गुणावं लागतं:

Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag

इथवर बरोबर. पण ०.८० ला दोनने गुणून १.६० − ०.३४ = १.२६ काढणं चूक. व्होल्ट म्हणजे एका कूलोममागे मिळणारे ज्यूल. चांदीचे आयन दुप्पट घेतले तर ऊर्जा दुप्पट होते, पण विद्युतभारही दुप्पटच वाहतो, म्हणून भागाकार तोच राहतो. हे आकड्यांत पाहा. ०.४६ व्होल्टच्या घटातून एक मोल इलेक्ट्रॉन गेले तर जास्तीत जास्त ९६,४८५ × ०.४६, म्हणजे सुमारे ४४.४ किलोज्यूल काम मिळतं. दोन मोल गेले तर ८८.८ किलोज्यूल. दोन्ही वेळा मीटरवर ०.४६ च.

गुणाकार लागतो तो वेगळ्या ठिकाणी, आणि बहुधा तिथूनच ही समजूत पसरली असावी. दोन अर्ध-अभिक्रिया जोडून तिसरी अर्ध-अभिक्रिया बनवायची असेल, तर इलेक्ट्रॉन एकमेकांत कटत नाहीत आणि व्होल्ट सरळ जोडता येत नाहीत. Fe³⁺ पासून Fe²⁺ ला +०.७७ (एक इलेक्ट्रॉन), Fe²⁺ पासून Fe ला −०.४४ (दोन इलेक्ट्रॉन). Fe³⁺ पासून थेट Fe साठी ऊर्जा जोडायची: (१ × ०.७७ + २ × −०.४४) ÷ ३ = सुमारे −०.०४. पूर्ण घटात मात्र दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन कटतात, तिथे असं काही करायचं नसतं.

राहिलं “चुकणारच नाही”. ही हमी तर बरोबर नियमालाही देता येत नाही, कारण तक्त्यातले आकडे प्रमाण स्थितीचे असतात, द्रावणं १ मोलरची. कथील −०.१४, शिसं −०.१३. प्रमाण स्थितीत कथील ॲनोड, व्होल्टेज जेमतेम ०.०१. आता कथिलाचे आयन १ मोलर ठेवून शिशाचे ०.०१ मोलर करा. २५ अंश सेल्सिअसला, संहतीप्रमाणे घटाचा व्होल्टेज E देणाऱ्या नेर्न्स्टच्या समीकरणाने:

E = ०.०१ − (०.०५९ ÷ २) × log(१ ÷ ०.०१) = ०.०१ − ०.०५९ ≈ −०.०५

व्होल्टेज ऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन आता शिशाकडून निघतात आणि ॲनोड शिसं झालं. कथिलाचे आयन शिशाच्या आयनांच्या साधारण दुपटीहून थोडे जास्त झाले की हा पालट होतो. जस्त-तांब्यात १.१० चं अंतर असल्याने एवढ्या फरकाने काहीच हलत नाही. तेव्हा प्रश्नात संहती दिली असेल आणि दोन विभवांतलं अंतर काही शतांश व्होल्टचंच असेल, तर आधी E काढा आणि त्याचं चिन्ह पाहूनच ॲनोड लिहा.