परवा म्हणजे अधिक दोन की उणे दोन

एका ओळीचा मेसेज होता. मंगळवारचा क्लास शनिवारी घेते, बास, एवढंच कळवायचं होतं. त्याला मला रविवारची अख्खी संध्याकाळ लागली, त्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा पार लगदा झाला आणि नवरा म्हणाला, काय गं, मेसेज लिहितेयस की पेपर काढतेयस.

मी डोंबिवलीत घरोघरी जाऊन गणित शिकवते. सोमवार ते शुक्रवार पाच घरं, प्रत्येकाकडे आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सहा ते साडेसात. वर्षभर हे इतकं सुरळीत चालतं की वॉचमनला माझ्यावरून वार कळतो. पण फेब्रुवारी संपत आला की गडबड सुरू होते, कारण पाच मुलं पाच इयत्तांची, कुणाचं बोर्ड, कुणाची वार्षिक, आणि एकाचा क्लास हलवला की बाकीच्या चौघांचे हलतात, एक लोकल लेट झाली की मागच्या सगळ्या लेट होतात ना, तसं.

यंदा प्रश्न सईचा होता. सई दहावीला, स्टेट बोर्ड, तिचा वार गुरुवार. आणि टाइमटेबल आलं तर बीजगणित बुधवारी, भूमिती शुक्रवारी, दोन्ही सकाळी अकराला. म्हणजे गुरुवारचा क्लास भूमितीला कामाचा, पण बीजगणितासाठी वरात गेल्यावर घोडं. मग मी ठरवलं की रविवारी सकाळी बरोब्बर अकराला तिला घड्याळ लावून चाळीस मार्कांचा पूर्ण पेपर दोन तासात सोडवायला बसवायचं, आणि मंगळवारी संध्याकाळी त्यातलं जे चुकलं तेवढंच बघायचं. अकरालाच का, तर ही मुलं रात्री बारा वाजता पेपर सोडवतात आणि मला म्हणतात टीचर पस्तीस पडतायत, आणि सकाळी अकराला त्यांचा मेंदू अजून पांघरुणात असतो.

आदल्या संध्याकाळी नवीन उदाहरण मी देत नाही. एकदा दिलं होतं. चांगला मुलगा होता, अंकगणिती श्रेढी त्याला पाठ, मला काय अवदसा आठवली आणि मी म्हटलं हे एक जरा वेगळं करून बघ, आणि ते आलं नाही म्हणून तो रात्रभर तेच करत बसला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात tₙ विचारलं होतं तिथे Sₙ काढून आला. तेव्हापासून मी फक्त बघते, की पोरगं प्रत्येक ओळीनंतर मान वर करून "बरोबर ना?" विचारतंय का. विचारायला लागलं की वह्या बंद, पाणी प्यायचं, घरी जायचं.

तर सईचा रविवारचा पेपर झाला. छान सोडवला होता. फक्त एक गंमत. दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार 132 आहे, तर संख्या काढा. तिने समीकरण बरोब्बर मांडलं, x² + x − 132 = 0, अवयव पाडले, x = 11 किंवा x = −12 आलं, आणि खाली दोन्ही लिहून चौकोन काढून पुढच्या प्रश्नाला गेली. मी म्हटलं अगं बाई, नैसर्गिक संख्या म्हटलंय, उणे बारा कशी चालेल, ती कारण देऊन वगळायची आणि मग 11 आणि 12 असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर इतकं सगळं करून शेवटचा अर्धा-एक मार्क जातो. ती म्हणाली, "पण टीचर, दोन्ही उत्तरं येतात ना." येतात गं. पण ज्याला वाचायचंय त्याने कुठलं धरायचं? हे मी तिला दुपारी एक वाजता सांगितलं, आणि संध्याकाळी सात वाजता स्वतः काय केलं ते ऐका.

मंगळवार होता अथर्वचा. अथर्व नववीत, त्याची परीक्षा एप्रिलमध्ये, म्हणजे त्याला हलवणं त्यातल्या त्यात सोपं. त्याच्या आईला मेसेज करायचा होता. पहिला अडथळा नाव. फोनमध्ये ती "अथर्व मम्मी नववी" आहे (गेल्या वर्षी आठवी होती, मी दर जूनमध्ये बदलते). ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, ताई म्हणावं तर खोटं वाटतं, मॅडम म्हणावं तर मीच तिची मॅडम, नुसतं नाव घ्यावं तर फी देणारी बाई. शेवटी "नमस्कार" लिहून दोन हात जोडले, कुणाला ते त्यांनी ठरवावं.

दुसरा अडथळा कारण. खरं कारण लिहिलं, "दहावीच्या एका विद्यार्थिनीचा पेपर असल्यामुळे", आणि वाचून बघितलं तर त्याचा अर्थ निघत होता की अथर्व काही महत्त्वाचा नाही. खोडलं. "तब्येत बरी नसल्यामुळे" लिहिलं, पण मग मंगळवारी त्याच रस्त्याने मला सईकडे जाताना बघितलं तर? आणि रविवारी आत्ताच मला कसं माहीत की मंगळवारी माझी तब्येत बिघडणार आहे. खोडलं. "काही अपरिहार्य कारणामुळे" हे सोसायटीच्या पाणी बंदच्या नोटिशीसारखं वाटलं. शेवटी खरंच लिहिलं, पण "अथर्व समजूतदार आहे" हे पुढे चिकटवलं, जे सपशेल खोटं आहे.

आणि मग डाळ करपल्याचा वास आला, मी घाईघाईत शेवटचं वाक्य टाइप केलं, पाठवलं आणि पळाले. ते वाक्य होतं, "तर परवाचा क्लास शनिवारी सहा वाजता घेते, चालेल ना?"

परवा! मराठीत याच्याइतका घातक शब्द नाही. परवा म्हणजे अधिक दोन आणि परवा म्हणजे उणे दोन, दोन्ही उत्तरं येतात ना टीचर. नुसत्या बोलण्यात "परवा गेले होते" आणि "परवा जाणार आहे" असं क्रियापद सांभाळून घेतं, पण "परवाचा क्लास" म्हटलं की क्रियापदाचा आधार गेला आणि वाचणाऱ्याला जी किंमत सोयीची ती तो धरतो. त्यात त्यांनी मेसेज वाचला सोमवारी सकाळी ट्रेनमध्ये. म्हणजे आता परवा मोजायचा तो पाठवल्यापासून की वाचल्यापासून? सोमवारपासून अधिक दोन बुधवार, उणे दोन शनिवार. मंगळवार कुठल्याच हिशोबात बसत नाही. त्यांचा रिप्लाय आला, "परवा क्लास होता का टीचर? आम्ही बदलापूरला लग्नाला होतो, अथर्व काही बोलला नाही."

झालं. आता अथर्वने क्लास बुडवला असा संशय, आणि तो बिचारा शाळेत. मी लगेच लिहिलं, नाही नाही, परवाचा म्हणजे उद्याचा. मी गणित शिकवून पोट भरते, आणि हे वाक्य मी लिहिलं. मग रीतसर वार घातला, मंगळवारचा क्लास या शनिवारी, संध्याकाळी सहा. त्यावर, "शनिवारी तबला आहे, अर्धा तास मागे घ्याल का?" मी म्हटलं चालेल. त्यांनी अंगठा दिला. मी अंगठा दिला. दोन अंगठे झाले की व्यवहार पक्का, पूर्वी कोर्टात पण एवढ्यावर जमिनी जायच्या.

शनिवारी मी साडेपाचला बेल वाजवली.

दार आजोबांनी उघडलं. घरात दुसरं कुणी नाही. अथर्व तबल्याला, तबला सहापर्यंत, घरी यायला सव्वासहा, म्हणून क्लास अर्धा तास मागे, म्हणजे साडेसहाला. मी मागे म्हणजे मागे गेले, त्या मागे म्हणजे पुढे गेल्या. आता सांगा यात चूक कुणाची. मी अजूनही म्हणते त्यांची, पण पैज लावणार नाही.

"या बाई, बसा," आजोबा म्हणाले, आणि बसल्या बसल्या मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

त्या घरातला खरा व्यवहार मोबाईलवर चालत नाही हे मला तीन वर्षांनी कळलं. तो त्या कॅलेंडरवर चालतो. खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात दूध दीड, दूध एक, गॅस लावला, मावशी खाडा, पेपर नाही. आणि मंगळवारच्या चौकोनात, पेन्सिलीने, त्याखाली रेघ मारून, "बाई खाडा."

मी म्हटलं, "आजोबा, खाडा नाही हो, मी मेसेज केला होता, तो क्लास आज घेतेय."

"मला नाही आला मेसेज. मी सहा वाजता खुर्ची पुसून ठेवली होती."

"सूनबाईंना केला होता."

"दूधवाला पण करतो की तिला मेसेज," ते शांतपणे म्हणाले. "पण दूध नाही आलं की खाडाच. आता दुधाने मेसेज केला म्हणून चहा होतो का?"

याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं बरं, पण आज आलेय ना मी, मग ते आजच्यात धरा. ते उठले, चष्मा वर केला, शनिवारच्या चौकोनात जागा शोधली, तिथे आधीच दूध दोन आणि गॅस संपला होता, त्याच्यावर तिरकं लिहिलं, "बाई जादा."

"जादा नाही आजोबा, तोच."

"तो मंगळवारी गेला. हा शनिवारचा." मग माझा चेहरा बघून त्यांनी समजूत काढली, "काळजी नको, महिनाअखेरीला खाडा कापतो पण जादाचे देतो. दुधाचं पण तसंच करतो."

हिशोबाला माणूस चोख, ते कबूल करायलाच हवं. खाडा उणे एक, जादा अधिक एक, बेरीज शून्य, फी तेवढीच. म्हणजे मी आठवडाभर जे समजावत होते ते त्यांनी दोन चौकोनात मांडलं होतं, फक्त माझ्या नावापुढे कायमचा खाडा ठेवून.

साडेसहाला अथर्व आला, दोन्ही हातांची बोटं लाल, आठला क्लास संपला. (सईचं विचाराल तर बीजगणित चांगलं गेलं म्हणतेय, आणि ऋण किंमत कारण लिहून वगळली का या प्रश्नावर ती म्हणाली हो टीचर, पण मला तो "हो" फार पटकन वाटला.)

मी चपला घालत होते तर आजोबा दारापर्यंत आले. मंगळवारपासून सगळं पुन्हा नेहमीसारखं होतं, आता कुणाचा पेपर नाही, कुणाला हलवायचं नाही, मेसेज नाही, काही नाही.

"मग बाई, परवा येणार ना?"

मी शनिवारपासून बोटं मोजली. रविवार, सोमवार.

"परवा नाही आजोबा, तेरवा."

"म्हणजे परवा नाही," ते म्हणाले आणि पेन्सिलीकडे वळले.